मेल बघितला काय, साहेब?

ज्या माणसाला आपण कोटेशन पाठवलेलं असतं, तो आपला मेल बघत नाही, पण व्हॉट्सॲपवरचं आपलं स्टेटस न चुकता बघतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांना मी 13 नोव्हेंबरला त्यांच्या प्रॉडक्ट कॅटलॉगचं प्रपोजल पाठवलं. 24 पानं, पानाला 1,500 प्रमाणे 36,000, कास्टिंगचे फोटो काढायचे 12,000, असे एकूण 48,000. छपाई वेगळी. त्यानंतर मी स्टेटसला टाकलेली खडेबाजारातली गर्दी त्यांनी बघितली, आत्याने केलेले मांडे बघितले, आणि रेल्वे गेटवर अडकलेली माझी स्कूटर बघून हसरा चेहराही पाठवला. म्हणजे माणूस खुशाल, नेट चालू, बोटं शाबूत. फक्त अठ्ठेचाळीस हजारांचं नाव काढलं की मौनव्रत.

आठवडा होत आला तसा घरात हा विषय सार्वजनिक झाला. आईचं मत सरळ: "फोन लाव की. त्यात काय लाजायचं?" तिने फाउंड्री आतून बघितलेली नाही. तिथे एका बाजूला ग्राइंडर चालू, दुसऱ्या बाजूला भट्टी, आणि मालक मधोमध उभे राहून एका कानाला फोन लावतात नि दुसऱ्या हाताने क्रेनवाल्याला खुणा करतात. आपण विचारतो, "साहेब, मग कामाचं कसं करूया?" पलीकडून खणखणीत आवाज येतो, "करा की, करा, सावकाश!" ते आपल्याला म्हणाले की वरून उतरणाऱ्या साच्याला, हे फोन ठेवल्यावरही कळत नाही. अशा परवानगीवर काम सुरू करणारे लोक मी बघितले आहेत. ते हल्ली विम्याची कामं करतात.

त्यांच्यातल्याच एकाने, म्हणजे माझ्या विमेकरी मित्राने, सल्ला दिला की रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह 'शुभ सकाळ' पाठवायचं, माणसाच्या डोळ्यासमोर राहायचं. डोळ्यासमोर राहतो हे खरं, पण असल्या माणसाचा मेसेज लोक न उघडता बाजूला सारायला शिकतात. आठव्या दिवशी आपण कामाचं काही लिहिलं, तरी तेही गुलाबातच जमा होतं.

मग मी मेसेज लिहायला बसलो. पहिला खर्डा असा: "नमस्कार साहेब, मागच्या आठवड्यात पाठवलेल्या प्रपोजलची फक्त आठवण करून देत आहे." वाचायला सभ्य आहे. पण यात समोरच्याने करायचं काय? आठवण तर त्याला आहेच. दुसरा खर्डा जेवणानंतरचा, जरा तिखट उतरला: "आपण व्यस्त असाल, समजू शकतो, तरी एका ओळीचं उत्तर अपेक्षित होतं." हा वाचून मालकांना अपराधी वाटलं असतं. आणि ज्याच्यासमोर अपराधी वाटतं त्याला माणूस टाळतो. खडेबाजारात मी दिसलो असतो तर त्यांनी गणपत गल्लीत गाडी वळवली असती. तिसऱ्या खर्ड्यात मी 'ऑफर रविवारपर्यंतच' असं लिहिलं आणि स्वतःच हसलो. सोमवारी मी ते काम नाकारणार नाही, हे मला माहीत, त्यांना माहीत, आमच्या आईलाही माहीत.

आता जरा त्यांच्या खुर्चीत बसून बघूया. प्रपोजल नऊ पानांचं. त्याला उत्तर द्यायचं तर आधी वाचायला हवं. मग 24 पानं हवीत का ते ठरवायचं, फोटो नवीन काढायचे का ते ठरवायचं, पैशाचं धाकट्या भावाला विचारायचं, कारण तो भागीदार, आणि भाऊ पुण्याला. म्हणजे माझ्या एका मेलमध्ये चार निर्णय नि एक कौटुंबिक चर्चा. उत्तर न देणं फुकट आहे, द्यायला मात्र अर्धा दिवस लागतो. त्यातून उत्तर 'नको' असेल तर ते आणखीच अवघड. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाला चहाशिवाय परत पाठवणं. माणूस मराठीत 'बघूया की' म्हणेल, कानडीत 'नोडोण' म्हणेल, इंग्रजीत दोन निळ्या टिक ठेवेल, पण नाही म्हणणार नाही.

तेव्हा नवीन मेसेजचं काम एवढंच, की उत्तर देणं गप्प बसण्यापेक्षा सोपं व्हावं. त्यात 'नको' म्हणायची सोयसुद्धा आपणच करून द्यायची.

पाठवण्याआधी एक तपासणी मात्र करावी. जीमेलला 25 एमबीच्या वरची फाइल जोडली की ती आपोआप ड्राइव्हची लिंक होऊन जाते. त्या लिंकला परवानगी दिलेली नसली, तर समोरच्याला प्रपोजलऐवजी परवानगी मागण्याचं पान दिसतं. तो कशाला मागतोय! आपण इकडे आठवडाभर त्याच्या स्वभावाचं विश्लेषण करत बसतो. मी बायकोच्या मोबाईलवर, माझं खातं नसलेल्या ठिकाणी, लिंक उघडून बघितली. उघडली. "अठ्ठेचाळीस?" ती म्हणाली. "मला साडीला नाही म्हणालास ते?" तपासणीचे असे काही तोटे आहेत.

मग वेळ. 13 ला पाठवलं म्हणजे आठवडा 20 तारखेला भरतो. महिन्याच्या महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांची 3बी भरायची शेवटची तारीख 20. त्या दिवशी फाउंड्रीच्या ऑफिसात मालक, अकाउंटंट आणि पोर्टल असे तिघे एकमेकांकडे संशयाने बघत बसलेले असतात. त्यात आपण 48,000 चा विषय काढायचा म्हणजे पैसे बाहेर जाणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभं राहायचं. मी एक दिवस थांबलो. आठवडा म्हणजे काही कोर्टाची तारीख नव्हे. (तसं म्हटलं तर 1 नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशीही कामाचे मेसेज पाठवू नयेत, पण हे बेळगावात कुणाला शिकवावं लागत नाही.)

निमित्तही खोटं शोधावं लागलं नाही. पहिल्या भेटीत मालक स्वतःच म्हणाले होते, की जानेवारीत बंगळुरूच्या आयएमटेक्स प्रदर्शनाला जाताना कॅटलॉग हातात पाहिजे. तिथून मी मागे मोजत आलो. छपाई आणि बाइंडिंगला आठ-दहा दिवस. प्रुफाला एक आठवडा, कारण मालक, भाऊ आणि इंजिनिअर तिघेही तपासणार आणि प्रत्येकजण आधीच्याने केलेली दुरुस्ती पुन्हा दुरुस्त करणार. डिझाइनला दोन आठवडे, फोटोंना दोन दिवस. सगळं मिळून पाच आठवडे, त्यात कुणी आजारी पडायचं नाही आणि वीज जायची नाही. म्हणजे 10 डिसेंबरच्या आत होकार हवा. ही तारीख माझ्या गरजेतून आलेली नव्हती, त्यांच्याच प्रदर्शनातून आली होती, त्यामुळे ती लिहिताना लाज वाटत नव्हती.

स्वस्त पर्यायही असाच कामातून काढला. 'थोडं कमी करतो' असं लिहिलं असतं तर पहिला आकडा फुगवलेला होता असा अर्थ झाला असता. दर तोच ठेवायचा, काम कमी करायचं. मधोमध पिना मारून बांधायच्या कॅटलॉगची पानं चारच्या पटीत लागतात. 18 किंवा 22 म्हटलं की प्रेसवाला आपल्याकडे दयेने बघतो. म्हणून 16. पंपाच्या बॉड्या आणि व्हॉल्व्हचे भाग तेवढे घ्यायचे, बाकीचं पुढच्या वर्षी. 16 पानांचे 24,000 आणि कमी फोटोंचे 8,000, असे 32,000.

21 तारखेला सकाळी साडेदहाला, प्रपोजलच्याच मेलला उत्तर म्हणून, विषय न बदलता, हे पाठवलं. विषय बदलला नाही की मूळ प्रपोजल खालीच राहतं, शोधायला लागत नाही.

"नमस्कार साहेब. आयएमटेक्सला कॅटलॉग हातात हवा असेल तर 10 डिसेंबरच्या आत काम सुरू करावं लागेल. तीन मार्ग आहेत. 1) पूर्ण 24 पानं, 48,000. 2) फक्त पंप आणि व्हॉल्व्ह, 16 पानं, 32,000. 3) या वेळी नको, पुढे बघू. नुसता आकडा कळवलात तरी चालेल. 3 असेल तरी काही हरकत नाही, मी ते दिवस दुसऱ्या कामाला देईन."

मालक मेल आठवड्यातून एकदा बघतात, म्हणून व्हॉट्सॲपवर एकच ओळ टाकली: "साहेब, मेलवर तीन पर्याय पाठवलेत, आकडा सांगा." शेवटच्या वाक्यावर आईचा आक्षेप होता. "काही हरकत नाही कशाला म्हणतोस? तो नको म्हणेल की!" म्हणू दे. 3 आला तर मी त्याच दिवशी दुसऱ्याचं काम घेतो. गप्प बसला तर डिसेंबरभर हात बांधून बसतो.

अर्ध्या तासात उत्तर आलं. अंगठा.

एक, दोन, तीन असे पर्याय देऊन विचारलेल्या प्रश्नाला अंगठा! आई म्हणाली होकार आहे. बायको म्हणाली, मेल आला एवढंच कळवलंय. मित्र म्हणाला, गुलाब पाठव. मी पुन्हा "साहेब, कुठला?" असं विचारलं नाही, कारण त्यावर दुसरा अंगठा आला असता. अशा वेळी आपणच एक धरून चालायचं आणि चूक दुरुस्त करायचं काम त्यांच्यावर टाकायचं. लिहिलं: "आभारी आहे साहेब. 16 पानांचं धरतो. उद्या 50 टक्के ॲडव्हान्सचं बिल, 16,000, पाठवतो. वेगळं काही असेल तर सांगा."

गप्प बसलेला माणूस आपल्या नावावर चुकीचा आकडा लागलेला बघून किती चपळाईने बोलू लागतो, ते तेव्हा बघितलं.

"अहो 16 नको, 24 च. भावाशी बोललोय. फक्त फोटो आमचा पोरगा काढतो म्हणतोय, नवीन मोबाईल घेतलाय त्याने. ते 12 वजा करा."

सोबत पोराने काढलेला नमुना होता. पंपाची बॉडी तिरकी, अर्धी सावलीत. मागे कुणाचा तरी जेवणाचा डबा आणि निळी स्लीपर मात्र अगदी स्पष्ट, स्लीपरचा नंबर वाचता येईल इतकी. हेच छापलं तर आयएमटेक्समध्ये स्लीपरची चौकशी जास्त होईल, हे लिहिण्याचा मोह मी आवरला. लिहिलं: "चालेल साहेब. फोटोंचे 12,000 वजा. पोराने काढलेले फोटो कापून, मागचं काढून, उजेड सारखा करायचे 9,000 अधिक."

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं.

"सात करा."