माझ्या घरातले ढेकूण माझ्या घरातले नव्हतेच

ही पोस्ट लिहू नये असं घरातल्या दोघांचं मत होतं. "लोक काय म्हणतील" हे त्याचं कारण, आणि त्याच कारणाने आमचे तीन महिने वाया गेले. म्हणून लिहितेय.

जळगावात तीन मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, फ्लॅट २०३. डिसेंबरात मुलाच्या हातावर सकाळी ओळीने तीन-चार गांधी दिसायला लागल्या. आधी डास समजलो. मग एका रात्री अडीचला टॉर्च मारली तर गादीच्या शिवणीत ढेकूण.

पेस्ट कंट्रोलवाल्याला गुपचूप बोलावलं. गाडी गेटबाहेर लावायला सांगितली, अठराशे रुपये दिले, दोन दिवस नणंदेकडे राहून आलो. तीन आठवडे शांतता, मग परत तेच. जानेवारीत दुसऱ्यांदा फवारलं, फेब्रुवारीत तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी साधारण वीस दिवसांनी पुन्हा चावे.

तिसऱ्या फवारणीनंतरही तेच झालं, तेव्हा दुसऱ्या माणसाला बोलावलं. तो जरा वयस्क, कमी बोलणारा. त्याने मला एकच प्रश्न विचारला, "ताई, फवारणीनंतर पहिला ढेकूण दिसला तो केवढा होता आणि कुठे होता?" मला नीट आठवत होतं. मोठा, तांबूस, पोट भरलेला, आणि पलंगावर नाही तर भिंतीच्या स्विचबोर्डखाली. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मग तो तुमचा नाही."

हे त्याने मला समजावलं तसं सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. ढेकणाच्या अंड्यांवर बहुतेक औषधांचा नीट परिणाम होत नाही. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. म्हणजे फवारणीतून तुमच्याच घरातली अंडी वाचली असतील तर दोन आठवड्यांच्या आसपास बारीक, फिकट, तिळापेक्षाही लहान पिल्लं दिसतील, आणि तीही पलंगाच्या आसपास. त्या पिल्लाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक कातेआधी एकदा रक्त प्यावं लागतं. यात महिना-दीड महिना सहज जातो. मग विसाव्या दिवशी पूर्ण वाढलेला ढेकूण आला कुठून? एक तर औषधाला दाद न देणारा जुनाच शिल्लक असेल, नाही तर बाहेरून चालत आलेला असेल. पलंग आणि गादी स्वच्छ आणि ढेकूण सामाईक भिंतीच्या बोर्डाशी, तर दुसरी शक्यता जास्त.

त्याने एमसीबी पाडून बोर्ड उघडला. आतल्या चौकोनी डब्यात काळे ठिपके, शाईच्या पेनाचं टोक टेकवावं तसे, आणि दोन कातींची टरफलं. त्या डब्यातून वायरिंगचा पाईप भिंतीतून जातो, आणि भिंतीच्या पलीकडे २०४ च्या बेडरूमचा बोर्ड आहे. बिल्डरने दोन्ही बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेत. आपण ज्याला भिंत म्हणतो ती ढेकणासाठी उघडी गल्ली आहे. शिवाय दाराखालची फट, पॅसेज, बाथरूमच्या पाईपांभोवती न भरलेली भोकं, हे रस्ते वेगळेच.

यात अजून एक गोष्ट मला माहीत नव्हती. गर्दी वाढली की मादी ढेकूण नरांच्या त्रासाने स्वतःहून घोळका सोडून दूर जाते. तिच्या पोटात अंडी असतात. अशी एकच मादी भिंतीपलीकडून आली की तुमच्या अठराशे रुपयांवर पाणी. आणि बाजारात सहज मिळणारी बरीच औषधं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन या कुळातली. भारतातल्या ढेकणांमध्ये या कुळाला दाद न देण्याची ताकद आलेली आढळली आहे. औषध लागून मेले नाहीत तर ढेकूण चिडतात आणि तिथून पळतात. म्हणजे मी तीन वेळा फवारून काही ढेकूण मारले असतील, पण काही बहुधा २०४ मध्ये पाठवले. हे कळल्यावर मला खरोखर वाईट वाटलं, कारण २०४ मध्ये नाना आणि काकू राहतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

काकूंकडे जायला मला चार दिवस लागले. ग्रुपवर टाकायचं नाही हे मी पक्कं ठरवलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर "२०४ मध्ये ढेकूण आहेत" असं लिहिलं की दार कायमचं बंद. एका काचेच्या बाटलीत आमच्याकडचा ढेकूण घेऊन गेले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "काकू, आमच्याकडे ढेकूण झालेत, तुम्हाला त्रास नको म्हणून सांगायला आले." काकू मूळच्या अमळनेरच्या. म्हणाल्या, "आमना घरमा नही भाऊ, आमले तं काहीच चावत नही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. ढेकणाच्या चाव्याची खाज सगळ्यांना उठत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत ती न उठण्याचं प्रमाण जास्त असतं. अमेरिकेत एका १५ मजली, २२३ फ्लॅटच्या इमारतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ढेकूण असलेल्या घरांच्या शेजारची निम्म्याहून जास्त घरंही लागण झालेली निघाली, आणि ज्यांच्या घरात ढेकूण होते त्यांतल्या निम्म्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. म्हणून "तुमच्याकडे आहेत का?" असं विचारून उपयोग नाही. बघावंच लागतं. काकूंना मी एवढंच म्हटलं की आखाजीला तुमची लेक नातवंडांना घेऊन येईल, त्याआधी एकदा दोघी मिळून बघून घेऊ. त्यावर त्या लगेच उठल्या. नानांच्या दिवाणाची फळी उचलली आणि काकू मटकन खाली बसल्या. कोपऱ्यात पूर्ण संसार होता, अंड्यांसकट.

मग सेक्रेटरी भाऊंना घेऊन कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला इमारतीचा नकाशा काढला. नियम साधा: ढेकूण सापडलेल्या घराचा उजवा, डावा, वरचा आणि खालचा फ्लॅट बघायचा. त्यातल्या एखाद्यात सापडले की त्याचेही चार बघायचे, आणि चहूबाजूंनी स्वच्छ घरं लागेपर्यंत थांबायचं नाही. आमच्यासाठी २०२, २०४, ३०३, १०३. २०४ मुळे ३०४ आणि १०४ (त्याच्या दुसऱ्या बाजूला जिना आहे). एका रविवारी टॉर्च आणि एक जुनं एटीएम कार्ड घेऊन फटी खरवडत दोन तासांत पाच घरं झाली. चार स्वच्छ, पाचवं काकूंचं.

राहिलं ३०४. ते दिवाळीनंतर भाडेकरू गेल्यापासून बंद. मालक नाशिकला. फोनवर म्हणाले, "बंद घरात ढेकूण काय खाणार?" नेमकं उलटं आहे. ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो, थंडीत जास्तच, आणि माणूस नाहीसा झाला की तो माणूस शोधत निघतो. तिसऱ्या दिवशी किल्ली आली. भाडेकरूंनी मागे टाकलेल्या पलंगाच्या सांध्यात जिवंत ढेकूण होते. कुणावर आळ घ्यायचा नाही, पण डिसेंबरात वरून खाली काय आलं असेल ते सगळ्यांना समजलं.

यानंतरचं काम प्रत्यक्षात सोपं होतं. एकच माणूस, एकच दिवस, तिन्ही घरं, आणि पुढची तारीख आधीच ठरलेली: १४ दिवसांनी दुसरी फेरी, म्हणजे पहिल्या फेरीतून वाचलेल्या अंड्यांतली पिल्लं मोठी होऊन अंडी घालायच्या आत सापडतात. आणखी १४ दिवसांनी तिसरी. त्या माणसाने सुरुवात स्वच्छ घरांपासून केली. तिथे फवारलं नाही, फक्त सामाईक भिंतींचे बोर्ड वीज बंद करून उघडले आणि आत सिलिका भुकटीचा हलका थर उडवला. ती विषाने नाही, अंगावरचं मेणचट आवरण खराब करून ढेकणाला सुकवून मारते, त्यामुळे औषध न चालणाऱ्यांनाही चालते. पळायच्या वाटा अशा बंद केल्यावर आतल्या तीन घरांत शिवणींना आणि सांध्यांना सावकाश वाफ, आणि मग औषध. सहा स्विचबोर्ड, बाथरूमच्या पाईपांची भोकं पुट्टीने भरली. तीन घरांचे मिळून साडेचार हजार झाले. मालकांनी ३०४ चे दिले, शेजारच्या घरांच्या भुकटीचा खर्च सोसायटीने केला. माझं ठाम मत आहे की तो सोसायटीनेच करावा, कारण भिंत सामाईक आहे.

त्या महिन्यात आम्ही आपापल्याच पलंगावर झोपलो. हे अवघड जातं, पण हॉलमध्ये किंवा नातेवाइकांकडे झोपायला गेलात की ढेकूण मागे हॉलमध्ये येतात, किंवा बॅगेतून नातेवाइकांकडे जातात. मी नणंदेकडे जाऊन आले होते, तिचं घर नंतर दोनदा तपासलं, सुदैवाने काही निघालं नाही. नानांचा दिवाण फेकायचा नाही असंही ठरलं. खाली ठेवलेला दिवाण कुणीतरी उचलून घरी नेतो.

आमच्या आजीच्या वेळी वैशाखात बाज गच्चीवर टाकायचे. त्यात तथ्य आहे, ५० अंशांच्या आसपास ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. पण जाड गादी उन्हात टाकली की वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत सरकतात. आम्ही कपडे, चादरी आणि मुलाची दप्तरं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत पातळ थर करून, तोंड बांधून गच्चीच्या लादीवर दिवसभर ठेवली, मधे उलटली. गादीला वाफच.

एक गोष्ट हात जोडून सांगते. याच काळात एका ओळखीच्यांनी "गव्हात ठेवतो त्या गोळ्या ठेवा, एका रात्रीत साफ" असं सुचवलं. त्या अल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू ढेकणाच्याच वाटांनी शेजारच्या घरात जातो, आणि त्यावर उतारा नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये झोपलेली लहान मुलं अशी गेली आहेत. आपल्याकडे शेतीमुळे त्या घरोघरी असतात. राहत्या इमारतीत त्या कधीही, कुठल्याही खोलीत ठेवू नका, आणि कुणी ठेवल्याचं कळलं तर ताबडतोब सगळ्यांना बाहेर काढा.

तिसऱ्या फेरीनंतर दर रविवारी मी आणि काकू एकमेकींच्या घरी टॉर्च घेऊन जायचो. शेवटचा जिवंत ढेकूण दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मधे दिसला, पिल्लू होतं, काकूंच्या दिवाणात. आखाजीला काकूंची लेक आली, आठ दिवस राहिली. त्यानंतरही महिनाभर काही दिसलं नाही, तेव्हा आम्ही रविवारचं बघणं थांबवलं.

पुढच्या महिन्यात ३०४ ला नवे भाडेकरू येतायत. मालकांनी ते येण्याआधी आठवडाभर किल्ली सेक्रेटरी भाऊंकडे द्यायचं कबूल केलंय, आणि नव्या लोकांचे पलंग-सोफे वर चढण्याआधी पार्किंगमध्ये उलटे करून बघायचे असं ठरलंय. टॉर्च माझ्याकडे आहे.