±३ एसडीचा नियम आणि पासष्ट तासांची झोप

एका वाचकाची प्रतिक्रिया:

«मागच्या लेखातला नाइट शिफ्ट-डे शिफ्टवाल्यांच्या झोपेचा आणि ताणाचा डेटा पाहिला. जेमतेम २२ माणसं, त्यात तुम्ही कुणाच्या रिकाम्या जागा भरल्या, कुणाच्या तशाच ठेवल्या, एक आकडा बदलला आणि दुसरा विचित्र आकडा मात्र राहू दिला. आम्हाला एमएला सरळ शिकवलं होतं: एकही उत्तर रिकामं असेल तर ती ओळ काढा, सरासरीपासून ±३ एसडीच्या बाहेर असेल ते काढा. नियम सगळ्यांना सारखा, म्हणजे कुणी बोट दाखवत नाही. तुमच्या पद्धतीने कुणीही हवा तो निकाल काढून दाखवेल.»

तुमची शेवटची भीती अगदी योग्य आहे, तिच्याकडे शेवटी येतोच. पण आधी तुमचा नियम याच डेटावर चालवून पाहू, कारण माझा आक्षेप तिथेच आहे.

नाइट शिफ्टच्या दहा जणांनी सांगितलेली झोप, तासांत, फाइलमध्ये अशी होती: ५.५, ५, ६, ६.५, ५.५, ६, ७, ६.५, ५ आणि ६५. दिवसाचे तास चोवीस, तेव्हा शेवटच्या आकड्यावर चर्चेची गरजच नाही. तरी ±३ एसडीचा नियम लावा. सरासरी येते ११.८, एसडी १८.७. म्हणजे ६५ हा आकडा सरासरीपासून २.८४ एसडी दूर आहे. तुमच्या नियमाने तो पास!

यात योगायोग काहीच नाही. नमुन्यात n माणसं असतील, तर कुठलाही एक आकडा सरासरीपासून जास्तीत जास्त (n-1)/√n एसडी इतकाच दूर जाऊ शकतो. दहा माणसांसाठी ही मर्यादा २.८५ येते. म्हणजे दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या गटात ±३ एसडीचा नियम कुणालाच पकडू शकत नाही, मग तुम्ही ६५ च्या जागी साडेसहाशे लिहा की साडेसहा हजार. कारण साधं आहे: तो एकच आकडा सरासरीला आपल्याकडे ओढतो आणि एसडीही फुगवतो. ज्याला मोजायचं, त्यानेच फूटपट्टी ताणलेली असते.

म्हणून छोट्या गटात मी मध्यक आणि एमएडी वापरतो. एमएडी काढायचा म्हणजे प्रत्येक आकड्याचं मध्यकापासूनचं अंतर घ्यायचं, त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढायचा आणि एसडीशी तुलना करता यावी म्हणून त्याला १.४८२६ ने गुणायचं. इथे मध्यक ६, अंतरांचा मध्यक ०.५, म्हणून एमएडी ०.७४. या मापाने ६५ जवळजवळ ८० एकक दूर पडतो, आणि सात तास झोपणारा माणूस दीड एककाच्या आतच राहतो. आरमध्ये तीन ओळींचं काम आहे:

```r
x <- c(5.5, 5, 6, 6.5, 5.5, 6, 7, 6.5, 5, 65)
max(abs(scale(x)))                 # 2.84
max(abs(x - median(x)) / mad(x))   # 79.6
```

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. निम्म्याहून जास्त लोकांनी तोच आकडा सांगितला, उदाहरणार्थ सगळे म्हणाले सहा तास, तर एमएडी शून्य येतो आणि भागाकारच होत नाही. झोपेसारख्या लोक गोल करून सांगतात त्या आकड्यांत हे सहज घडतं. तेव्हा साधा आलेख काढून डोळ्यांनी बघावं.

आता «आकडा बदलला» या आरोपाबद्दल. एमएडीने इतकंच सांगितलं की इथे बघा. काय करायचं ते कागदाने सांगितलं. मूळ फॉर्मवर ६.५ होतं, टाइप करताना दशांश चिन्ह सुटलं होतं. ती नोंदणीतली चूक, आणि चूक दुरुस्त करायची असते. ओळ काढून टाकली असती तर एका खऱ्या माणसाचं खरं उत्तर हकनाक गेलं असतं. फॉर्म सापडला नसता, तर मी अंदाजाने ६.५ लिहिलं नसतं, जागा रिकामी ठेवली असती.

डे शिफ्टमधल्या बाईंचं प्रकरण वेगळं. बारा जणांच्या त्या गटात बाकीचे अकरा जण सहा ते आठ तास झोपतात आणि त्यांचे ताणाच्या प्रश्नावलीचे गुण, म्हणजे पीएसएस-१० चे, १३ ते २० मध्ये आहेत. या बाईंची झोप तीन तास आणि गुण ४० पैकी ३६. फॉर्म तपासला, आकडे बरोबर होते. घरी आठ महिन्यांचं बाळ, हेही फॉर्मवर लिहिलेलं. घणसोली-ऐरोली पट्ट्यात डे शिफ्ट करणाऱ्यांचा अभ्यास असेल, तर तान्ह्या बाळाची आई त्यात बसते. तिला काढायचं कोणत्या कारणाने? उत्तर गैरसोयीचं आहे, हे कारण होत नाही.

पण ठेवलं की काय होतं ते पाहा. या बाई धरून झोप आणि ताण यांचा सहसंबंध -०.९० येतो, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. त्यांना वगळलं तर उरलेल्या अकरा जणांत तो -०.४४, पी-व्हॅल्यू साधारण ०.१७. एका माणसाने अख्खा निष्कर्ष उचलून धरलाय. आणि तुमचा नियम इथे काय म्हणतो? त्यांची झोप सरासरीपासून २.८३ एसडी खाली, ताण २.९० एसडी वर. दोन्हीकडे तीनच्या आत. म्हणजे नियम इमानदारीने पाळणारा विद्यार्थी -०.९० छापून मोकळा होईल, आणि त्याच्याकडे खरंच कुणी बोट दाखवणार नाही. मला खटकतं ते हेच.

मी दोन्ही आकडे दिले आणि तिसराही दिला: बारा जण ठेवून फक्त क्रमांकांवर काढलेला स्पिअरमनचा सहसंबंध, तो -०.५८. क्रमांकांत त्या बाई «सगळ्यांत कमी झोप, सगळ्यांत जास्त ताण» एवढंच सांगतात, किती कमी आणि किती जास्त ते नाही. या तिन्हींवरून मी इतकंच म्हणू शकतो की दिशा कमी झोप-जास्त ताण अशी दिसते, पण तिची ताकद बारा माणसांवरून सांगता येत नाही. लेखात यापेक्षा मोठं वाक्य मी लिहिलेलं नाही.

आता रिकाम्या जागा. चार जणांची पीएसएस अपुरी होती आणि चौघेही नाइट शिफ्टचे. सकाळी शिफ्ट सुटल्यावर घरी सोडणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये फॉर्म भरलेले, डोळे मिटत असताना. तुमच्या नियमाने या चार ओळी गेल्या तर नाइट शिफ्टचे दहातले सहा उरतात आणि डे शिफ्टचे बाराच्या बारा. शिवाय गळणारे कदाचित सगळ्यांत थकलेले असतील. मग तुलना जागं राहून फॉर्म पुरा करू शकलेल्यांशी होते, आणि ते कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. रिकाम्या जागा निव्वळ योगायोगाने पडल्यात का, हे पाहणारी लिटलची चाचणी आहे, पण २२ जणांत तिच्यात दम नसतो. ती «फरक नाही» म्हणाली म्हणून योगायोग सिद्ध होत नाही.

चौघांपैकी तिघांनी दहापैकी एकेकच प्रश्न सोडला होता. त्यांच्या बाबतीत त्याच व्यक्तीच्या उरलेल्या नऊ उत्तरांची सरासरी त्या जागी धरली. एकाच्या नऊ उत्तरांची बेरीज, उलटे प्रश्न उलटवून, १८ होती. सरासरी २, म्हणून एकूण २०. चौथ्याने पाच प्रश्न सोडले. अर्ध्या प्रश्नावलीवरून बाकी अर्धी रचणं म्हणजे कल्पनाशक्ती, म्हणून त्याचा ताणाचा गुण रिकामाच ठेवला. त्याची झोप मात्र झोपेच्या विश्लेषणात आहे. तुम्हाला जे «कुणाचं भरलं, कुणाचं नाही» दिसलं ते हे. एका प्रश्नापर्यंत भरायचं, त्यापुढे नाही, हे फॉर्म वाटण्याआधीच लिहून ठेवलं होतं.

इथे एक्सेलचा एक सापळा सांगतो, कारण यात बरेच प्रकल्प अडकलेले पाहिलेत. `=SUM(B2:K2)` रिकामी जागा शून्य धरते, म्हणजे वरच्या माणसाचा गुण गुपचूप १८ होतो. पीएसएस-१० मध्ये ४, ५, ७, ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात. सातवा रिकामा असेल आणि तुम्ही `=4-H2` लिहिलंत, तर रिकाम्या जागेचे थेट ४ होतात आणि बेरीज २२. माणूस तोच, उत्तरं तीच, गुण १८, २० किंवा २२. बेरजेआधी `COUNT` लावून प्रत्येकाची खरी उत्तरं किती ते मोजा.

भरल्यामुळे निकाल हलला का, हे छोट्या डेटात टोकं धरून तपासता येतं. तिन्ही रिकाम्या जागी एकदा ० घाला, एकदा ४. ताणाचा गुण असलेले नाइट शिफ्टचे नऊ जण, म्हणून गटाची सरासरी या दोन टोकांमध्ये जास्तीत जास्त १२ भागिले ९, म्हणजे १.३३ गुणांनी हलू शकते. दोन्ही टोकांना निष्कर्ष तोच राहिला तर भरण्याच्या पद्धतीवर वाद घालण्यात अर्थ नाही. रिकाम्या जागा मॉडेलने अनेकदा भरून पाहणारं मल्टिपल इम्प्युटेशन वापरता आलं असतं, पण दहा प्रश्न आणि २२ माणसं एवढ्यावर उभं केलेलं मॉडेल डळमळीतच राहतं. तीन उत्तरांसाठी मी ते केलं नाही.

आता हवा तो निकाल काढण्याबद्दल. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी २०११ मध्ये यावरच लेख लिहिला होता, आणि त्यांची एक अट अशी: निरीक्षणं वगळलीत तर ती धरून काय निकाल आला असता तेही द्या. मी ती उलट बाजूनेही पाळतो. डे शिफ्टमधल्या बाईंसारखा टोकाचा पण खरा आकडा कसा हाताळायचा हे मी आधी ठरवलं नव्हतं, तो पाहिल्यानंतर ठरवलं, म्हणून तिथे एकच आकडा देण्याचा मला हक्कच नाही. प्रकल्पात लिहायचा मजकूर असा:

«२२ सहभागी. एका सहभागीच्या झोपेची नोंद मूळ फॉर्मवरून दुरुस्त केली (६५ ऐवजी ६.५). चार सहभागींची पीएसएस-१० अपुरी, सर्व नाइट शिफ्ट. एकच उत्तर नसलेल्या तिघांसाठी व्यक्तीची स्वतःची सरासरी वापरली, पाच उत्तरं नसलेल्या एकाचा गुण काढला नाही. डे शिफ्टमधील एक टोकाची पण खरी नोंद ठेवली. ती धरून सहसंबंध -०.९०, वगळून -०.४४, क्रमांकांवर -०.५८. हा निर्णय डेटा पाहिल्यानंतर घेतला.»

सहा-सात ओळी होतात. गाइड जागा नाही म्हणाले तर तक्त्याखालच्या टीपेत घाला. मूळ फाइलला हात लावू नका, बदल नव्या कॉलममध्ये करा आणि शेजारी कारण लिहा, म्हणजे तुमच्यासारख्या वाचकाला प्रत्येक बदल उलटवून पाहता येईल. तुम्ही बारा जणांतून त्या बाईंना काढून बघा, आणि मग दुसऱ्या कुणाला काढून बघा. किती जणांच्या बाबतीत आकडा इतका हलतो ते मोजा आणि इथे लिहा.