‘जिंकणारा घोडा विकू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

«दरवर्षी रीबॅलन्सिंग करणं म्हणजे जिंकणारा घोडा विकून लंगडा विकत घेणं! १) वाढणारे शेअर विकले की परतावा कमी होतो. २) बाजार पडला तरी शेवटी वर येतोच, मग जोखीम कसली? ३) नफा सगळा टॅक्समध्ये जातो. ४) करायचंच असेल तर दर महिन्याला करा, वर्षातून एकदा करून काही होत नाही. सर्व गुंतवणूकदारांना पाठवा.»

हा मेसेज फिरत फिरत माझ्या मामांपर्यंत पोचला. मामा चार वर्षांत निवृत्त होणार आहेत. त्यांचं गणित साधं आहे: ६० टक्के शेअरचा इंडेक्स फंड, ४० टक्के चांगल्या दर्जाच्या रोख्यांचा फंड, आणि वर्षातून एकदा प्रमाण पुन्हा जागेवर आणायचं, म्हणजेच रीबॅलन्सिंग. मेसेज वाचून त्यांनी या वर्षी काहीच करायचं नाही असं ठरवलं. म्हणून हे लिहितोय, आणि सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतोय, कारण माणसाचं खरं नुकसान तो करतो.

अमेरिकेच्या बाजाराचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, तेच घेऊ. लाभांश धरून एस अँड पी ५०० या तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने १९९५ ते १९९९ या पाच वर्षांत अनुक्रमे ३७.६, २३, ३३.४, २८.६ आणि २१ टक्के दिले. पुढच्या तीन वर्षांत तोच निर्देशांक ९.१, ११.९ आणि २२.१ टक्के पडला. त्या आठ वर्षांत तिथल्या रोख्यांचा मुख्य निर्देशांक फक्त १९९९ मध्ये किंचित घसरला, बाकी दरवर्षी वाढला.

आता दोघांनी १९९५ च्या सुरुवातीला प्रत्येकी १०० गुंतवले असं धरा, ६० शेअरमध्ये आणि ४० रोख्यांत. खर्च आणि कर तूर्तास बाजूला ठेवू. पहिल्याने नंतर हातच लावला नाही. १९९९ अखेर त्याचे २६९ झाले. दुसरा दर डिसेंबरला प्रमाण ६०-४० वर आणत होता, त्याचे २५१ झाले. मेसेज लिहिणारा इथेच थांबतो. पण पहिल्याच्या २६९ मध्ये शेअर होते २११, म्हणजे ७८ टक्के. असा पोर्टफोलिओ त्याने कधीच निवडला नव्हता. तू ७८ टक्के शेअरमध्ये ठेवशील का, असं १९९५ मध्ये विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. बाजाराने त्याला न विचारता त्याचा निर्णय बदलला.

पुढच्या तीन वर्षांत पहिल्याचे २६९ चे २०९ झाले, म्हणजे २२ टक्के गेले. दुसऱ्याचे २५१ चे २१८ झाले, १३ टक्के गेले. म्हणजे पडझडीनंतर दुसरा पुढेही होता. तरी माझा भर त्या पुढे असण्यावर नाही. कुठली आठ वर्षं घेता त्यावर ते बदलतं, आणि नुसती तेजीची वर्षं घेतली तर पहिलाच पुढे दिसेल. माझा भर २२ आणि १३ मधल्या फरकावर आहे. रीबॅलन्सिंग ज्यासाठी करतात ते हेच.

‘शेवटी वर येतोच’ हे ज्याला मधल्या काळात पैसे काढायचे नाहीत त्याच्यासाठी ठीक आहे. निवृत्त माणसाला दर महिन्याला काढावे लागतात. शेअर निम्म्यावर आले आणि रोखे जागेवर राहिले, तर ६०-४० वाल्याचे ३० टक्के जातात आणि ७८-२२ वाल्याचे ३९. मूळ रकमेवर परत यायला ६०-४० वाल्याला ४३ टक्के वाढ लागते, ७८-२२ वाल्याला ६४. वर त्याच काळात घरखर्चासाठी पडलेल्या भावात युनिट विकली, तर विकलेली युनिट बाजार वर आल्यावरही परत येत नाहीत. मामांना असं सांगणाऱ्याने ही चार वाक्यं तरी लिहायला हवी होती.

पहिल्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. फार लांब पल्ल्यात शेअर रोख्यांपेक्षा जास्त वाढत आले आहेत, त्यामुळे कधीच हात न लावलेला पोर्टफोलिओ बऱ्याचदा जास्त मोठा होतो. पण तो जास्त जोखीम उचलतो म्हणून मोठा होतो. तेवढी जोखीम परवडत असेल तर सरळ ७५-२५ ठरवा आणि ते प्रमाण सांभाळा. घोड्याची उपमाही एका ठिकाणी खरी आहे: एकेकट्या कंपन्यांचे शेअर असतील, तर बुडणाऱ्या कंपनीत दरवर्षी पैसे ओतत राहणं धोक्याचं आहे. इंडेक्स फंडात अनेक कंपन्या असतात आणि निकषांत न बसणारी कंपनी निर्देशांकातून बाहेर जाते. आपण फक्त शेअर आणि रोखे या दोन वर्गांतलं प्रमाण बदलतो.

टॅक्सचा मुद्दा आकडा न मांडता केलेला आहे. मांडून बघा. १००० गुंतवले, ६०० शेअर आणि ४०० रोखे. वर्षात शेअर २० टक्के वाढून ७२० झाले, रोखे ५ टक्के वाढून ४२०. एकूण ११४०. त्याचे ६० टक्के ६८४, म्हणजे विकायचे फक्त ३६. या ३६ मध्ये मूळ रक्कम ३० आहे आणि नफा ६. कर लागतो तो या ६ वर, अख्ख्या ३६ वर नाही. दर १५ टक्के धरला तरी कर येतो ०.९०, तोही ११४० च्या पोर्टफोलिओवर. बरीच वर्षं धरलेल्या युनिटमध्ये नफ्याचा वाटा मोठा असतो, तेव्हा कर वाढतो, हे खरं. म्हणून आधी त्या वर्षाची नवी गुंतवणूक मागे पडलेल्या बाजूला टाकायची, उरलेल्या फरकापुरतंच विकायचं. या उदाहरणात नवे ६० टाकायचे असतील तर ते सगळे रोख्यांत गेले की ७२० आणि ४८० होतात, बरोबर ६०-४०. काहीच विकावं लागत नाही.

दर महिन्याचा आग्रह निराधार आहे. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने जुन्या आकड्यांवर महिना, तिमाही आणि वर्ष असे अंतराल तपासले, तेव्हा जोखमीत फारसा फरक दिसला नाही. व्यवहार मात्र वाढतात. वर्षातून एक दिवस ठरवा, आणि प्रमाण पाच टक्क्यांहून कमी सरकलं असेल तर तसंच राहू द्या.

मर्यादाही सांगतो. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० सुमारे १८ टक्के पडला आणि अमेरिकी रोख्यांचा निर्देशांकही १३ टक्के पडला. दोन्ही बाजू एकदम पडल्या की रीबॅलन्सिंग वाचवत नाही. आणि ही पद्धत मोडते ती बहुतेक वेळा पडझडीत. २००८ मध्ये शेअर ३७ टक्के पडले, रोखे ५ टक्के वाढले. ६०-४० चे १०० वर्षाअखेर ८० झाले आणि शेअरचा वाटा ४७ टक्क्यांवर आला. तेव्हा रोखे विकून १० चे शेअर घ्यायचे होते. बातम्या बघून ज्यांनी ते टाळलं, ते २००९ च्या २६ टक्के वाढीला कमी शेअर घेऊन सामोरे गेले. तेजीत विकायचं आणि मंदीत घ्यायचं, हे दोन्ही करायचं असतं. मामांना मी तारीख आणि प्रमाण कागदावर लिहायला सांगितलंय, खाली मामींची सही घेऊन.