स्मार्त-भागवत समजवायला पहाटेचं घड्याळ पुरे

"एकादशी एकच, मग आमच्याकडं आज अन् शेजारी उद्या, असं कसं?"

या प्रश्नावर व्हिडिओ करताय, तर त्यात फक्त पहाटेचं घड्याळ दाखवा. समजा, परभणीत सूर्योदय ६ वाजता आहे आणि दशमी ५:१० ला संपली. सूर्योदयाला एकादशी लागलेली, म्हणून स्मार्त त्याच दिवशी उपवास धरतात. भागवत, म्हणजे आपले वारकरी, सूर्योदयाआधीच्या चार घटकाही बघतात, म्हणजे ९६ मिनिटं. ४:२४ ला दशमी होती, म्हणून ती एकादशी दशमीविद्ध, म्हणजे दशमीचा स्पर्श झालेली, आणि त्यांचा उपवास दुसऱ्या दिवशी. दशमी ४ वाजताच संपली असती तर हा फरक पडला नसता. ‘खरी एकादशी कोणती?’ असं शीर्षक मात्र कृपा करून देऊ नका. दोन्ही घरांत पंचांग एकच असतं.