हेमिंग्वेची मुलाखत तुम्हीच घेतलीत असं समजा

संदर्भसूचीच्या शेवटी 'मुलाखती' असा वेगळा विभाग असला की प्रबंधाला वजन येतं. अडचण एवढीच की मुलाखत घ्यायची तर फोन करावा लागतो, वेळ मिळवावी लागते, आधी त्या माणसाचं काहीतरी वाचावं लागतं आणि नंतर तासाभराचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना अख्खा दिवस जातो. एवढं करण्यापेक्षा कुणीतरी आधीच घेऊन छापलेली मुलाखत उचला, तिच्यापुढे 'वैयक्तिक मुलाखत' असं लिहा आणि मोकळे व्हा.

उदाहरणादाखल अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेच घ्या. 'द पॅरिस रिव्ह्यू'च्या 18व्या अंकात, 1958च्या वसंतात, जॉर्ज प्लिम्प्टनने घेतलेली त्याची मुलाखत छापून आली. त्या नियतकालिकाच्या 'द आर्ट ऑफ फिक्शन' या मालिकेतली ती 21वी. तुम्ही सूचीत एवढंच लिहा: 'हेमिंग्वे, अर्नेस्ट. वैयक्तिक मुलाखत.' वाचणाऱ्याला वाटेल, हा पोरगा थेट क्युबाला त्याच्या घरी जाऊन आला.

तारखेचा मात्र घोळ आहे. स्वतः घेतलेल्या मुलाखतीला अंक नसतो, पान नसतं. कुणाशी बोललो आणि कधी बोललो, एवढाच तिचा पत्ता. म्हणून एमएलए असो, एपीए असो की शिकागो, संदर्भ देण्याच्या तिन्ही पद्धती तिथे नेमकी तारीख मागतात. हेमिंग्वे जुलै 1961मध्ये गेला आणि तुमचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन परवा-परवाचं. तेव्हा तारीख गाळा. एक्स्टर्नलने विचारलंच तर टायपिंगवाल्याचं नाव सांगा, त्याला सवय आहे.

काही किरकिरे लोक मात्र अशी नोंद करतात: 'हेमिंग्वे, अर्नेस्ट. "द आर्ट ऑफ फिक्शन, क्र. 21." मुलाखतकार जॉर्ज प्लिम्प्टन. द पॅरिस रिव्ह्यू, अंक 18, वसंत 1958', आणि पुढे पानं. ही झाली एमएलएची रीत: बोलणारा आधी, विचारणारा मागे. एपीएवाले उलट करतात. त्यांच्या लेखी छापील मुलाखत म्हणजे मासिकातला एक लेख, आणि लेख लिहिला प्लिम्प्टनने, म्हणून सूचीत लेखक तो. हेमिंग्वेचं नाव तुमच्या वाक्यात येतं, 'हेमिंग्वे प्लिम्प्टनला म्हणाला की' अशा थाटात. तुम्ही दोन्ही वापरा. पहिल्या प्रकरणात एक, तिसऱ्यात दुसरी. सूची आपोआप लांबते आणि एकच मुलाखत दोनदा मोजली जाते.

प्लिम्प्टनला कुठेच ठेवू नका, हे उत्तम. तो राहिला की वाचक त्याची प्रस्तावना उघडून बघतो आणि तिथे नसते प्रश्न निघतात. सुरुवातीलाच संभाषणाचा एक तुकडा आहे, त्याखाली माद्रिदमधला कॅफे आणि मे 1954 असं छापलंय. म्हणजे बोलणं कधीचं आणि छपाई कधीची! नोंदीत छपाईचं साल जातं आणि बोलण्याचं साल महत्त्वाचं असेल तर ते मजकुरात सांगायचं असतं. पण तुम्ही दोन्हींची सरासरी काढा, 1956 लिहा. कुणालाच अन्याय नको.

त्याहून वाईट म्हणजे प्लिम्प्टन तिथेच सांगून टाकतो की हेमिंग्वेला आपल्या लेखनाबद्दल बोलायला आवडत नव्हतं आणि बरीचशी उत्तरं त्याने लिहून तयार केली. झालं ना! तुम्ही प्रबंधात 'गप्पांच्या ओघात हेमिंग्वे सहज बोलून गेला' असं लिहून बसलात आणि तो तर कागद-पेन्सिल घेऊन खोडाखोड करत होता. मुलाखतकार, संपादक आणि स्वतः बोलणारा, अशा तिघांचे हात फिरून छापील मुलाखत तयार होते. तुमच्या रेकॉर्डरमधली मुलाखत अडखळते, तीच गोष्ट दोनदा सांगते, मध्येच चहा मागवते. म्हणून परीक्षकाला संशय येऊ नये असं वाटत असेल, तर हेमिंग्वेच्या तोंडी अधूनमधून 'म्हणजे... काय आहे ना...' घाला.

पुढचा सल्ला फार कामाचा. त्या मुलाखतीत हेमिंग्वे म्हणतो की 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान आपण 39 वेळा पुन्हा लिहिलं. तुम्ही सरळ लिहा: 'हेमिंग्वेने कादंबरीचा शेवट 39 वेळा लिहिला.' 'असं तो म्हणाला' हे शब्द उगाच जागा अडवतात. पुढे 2012मध्ये त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली आणि हस्तलिखितांत सापडलेले 47 पर्यायी शेवट तिच्यात छापले गेले, ते सोडून द्या. मुलाखतीचा संदर्भ 'तो असं म्हणाला' एवढंच सिद्ध करतो, 'असं घडलं' हे नाही, असल्या बारकाव्यांत शिरलात तर प्रबंध जमा कधी करणार?

वाचलं कुठे, हेही सांगत बसू नका. ही मुलाखत नंतर पुस्तकातही आली, तिथले पानांचे आकडे निराळे. तुम्ही पुस्तक वाचून मूळ अंकाचा संदर्भ द्या आणि पान पुस्तकातलं टाका. दुसऱ्याच्या प्रबंधातून नोंद उचलली असेल तर त्यातली मुद्रणाची चूकही जशीच्या तशी घ्या. चोरी ओळखणाऱ्याला तेवढाच आधार.

आता आपल्या दिवाळी अंकांकडे या. इथे तर तुमच्यासाठी रान मोकळं आहे. एखाद्या अभिनेत्रीचा किंवा शेतकरी नेत्याचा 'मी' म्हणत सुरू होणारा लेख असतो, वर नाव त्यांचं, आणि शेवटच्या ओळीखाली मुंगीएवढ्या अक्षरात 'शब्दांकन' आणि दुसरंच एक नाव. म्हणजे मुळात मुलाखतच. फक्त प्रश्न काढून टाकलेत आणि उत्तरांना लेखाचे कपडे चढवलेत. एखादा चोखंदळ माणूस बोलणाऱ्याचं नाव, लेखाचं शीर्षक, शब्दांकन कुणाचं, अंकाचं नाव, दिवाळी आणि साल, पान, असं सगळं लिहील. आणि त्यातली एखादी खास उपमा बोलणाऱ्याची की शब्दांकनकाराची, हे ठरवता येत नाही म्हणून तिच्यावर शैलीचा सिद्धांत उभारायला कचरेल. तुम्ही कचरू नका. शब्दांकनकाराच्या उपमेवरून नेत्याच्या भाषाशैलीवर अख्खं प्रकरण लिहा.

चुकून एखादी मुलाखत तुम्ही खरंच घेतली असेल, तर तिचे लाड वेगळे. एपीएप्रमाणे ती सूचीत जातच नाही, कारण वाचकाला ती काढून वाचता येत नाही; मजकुरात नाव, 'वैयक्तिक संवाद' आणि तारीख, बस्स. शिकागोवालेही बहुधा टिपेत भागवतात. एमएलए मात्र तिला सूचीत घेतं. संशोधनाच्या नमुन्यातल्या लोकांच्या मुलाखती असतील तर ती तुमची सामग्री. ती कशी गोळा केली हे पद्धतीच्या प्रकरणात सांगायचं आणि नावं झाकायची. तुम्ही त्यांची खरी नावं, गाव आणि मोबाइल नंबर परिशिष्टात छापा. प्रबंध पुढे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल आणि त्या बिचाऱ्यांना विम्याचे फोन येतील.

रेकॉर्डिंग आणि संमतीपत्र जपून ठेवायचं असतं म्हणे. फोनची मेमरी भरली की पहिल्यांदा तेच उडवा, लग्नाचे व्हिडिओ राहू द्या. व्हायवाला कुणी म्हणालंच, 'जरा ऐकवता का?', तर प्लिम्प्टनकडे मागा म्हणावं.