जंप स्टार्ट: शेवटचा चिमटा बॅटरीवर लावू नका

गृहसंकुलांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा आहे:

«गाडीची बॅटरी उतरली तर मेकॅनिकला पैसे देऊ नका. १) प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडा, कोणती वायर आधी हे बघायची गरज नाही. २) फक्त १२ व्होल्ट असतात, काही होत नाही. ३) जंपर केबल नसेल तर घरातली जाड वायर चालते, आणि रस्त्यात कुठलीही गाडी थांबवा, ट्रकसुद्धा चालेल. ४) सुरू झाली की दहा मिनिटं चालू ठेवा, बॅटरी फुल.»

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरा धोका तिथेच आहे.

आजच्या गाड्यांमध्ये बॅटरीचा मायनस बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो. म्हणजे बॉनेट उघडल्यावर दिसणारा जवळजवळ प्रत्येक उघडा धातू हा मायनसच असतो. आता समजा, दोन्ही काळे चिमटे आधी लावले आणि मग लाल वायरचं एक टोक चालू गाडीच्या प्लसला लावलं. हातात उरलेल्या लाल चिमट्यामागे चांगल्या बॅटरीची पूर्ण ताकद उभी आहे आणि आजूबाजूला सगळा मायनस. तो चिमटा कुठेही टेकला की शॉर्ट. म्हणून लाल वायर आधी पूर्ण करायची: एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळ्या वायरचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आता हातात उरतो तो काळा चिमटा, आणि तो चुकून बंद गाडीच्या बॉडीला टेकला तरी जो जोड आपल्याला करायचाच होता तोच होतो. लाल वायरचं पहिलं टोक लावल्यावर दुसरं टोक मात्र कोणीतरी हातात धरून ठेवावं. उतरलेली बॅटरीसुद्धा बॉडीला टेकली तर चांगली ठिणगी देते.

हा चौथा चिमटा लागतो तेव्हा सर्किट पूर्ण होतं, त्यामुळे ठिणगी पडते ती इथे. मेसेज सांगतो तसा तो मायनस टर्मिनलवर लावला तर ठिणगी बॅटरीच्या डोक्यावर पडते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या वर गेलं की तो पेटू शकतो. बॅटरी फुटली की प्लास्टिकचे तुकडे आणि ॲसिड उडतं, आणि त्या क्षणी आपण नेमके तिच्यावर वाकलेले असतो. म्हणून चौथा चिमटा बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून हातभर लांब, रंग नसलेल्या जाड धातूला लावायचा: इंजिन उचलण्याचा हूक किंवा ब्लॉकवरचा मोठा बोल्ट. पेट्रोलच्या पाइपजवळ नाही, पट्ट्याजवळ किंवा पंख्याजवळ नाही. काही गाड्यांत कंपनीने अर्थसाठी वेगळा खुंटाच दिलेला असतो, बॅटरी डिकीत असेल तर प्लसचा पॉइंटही बॉनेटखाली काढलेला असतो. गाडीच्या पुस्तकात त्याचं चित्र सापडतं.

चिमटा नुसता अडकवून भागत नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचलेली असेल तर तो वरवर घट्ट वाटतो, पण दात धातूपर्यंत पोचलेले नसतात. दाबून डावी-उजवीकडे दोन-तीनदा फिरवला की पूड खरवडली जाते. स्वस्त चिमट्यांमध्ये तांब्याची तार एकाच जबड्याला जोडलेली असते, तो जबडा टर्मिनलच्या सपाट बाजूला आला पाहिजे. सेल्फ मारल्यावर एखादा चिमटा हाताला चटका देण्याइतका तापला तर जोड तिथेच कच्चा आहे.

काढताना क्रम बरोबर उलटा: आधी इंजिनवरचा काळा, मग दुसऱ्या गाडीचा काळा, तिचा लाल आणि शेवटी आपला लाल.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. कोरड्या हाताला १२ व्होल्टचा झटका बसत नाही. पण शॉर्ट झाल्यावर ही बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. प्लस आणि बॉडीच्या मध्ये पाना किंवा हातातलं स्टीलचं कडं आलं, तर ते क्षणात इतकं तापतं की कातडी जळते. कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. आणि बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर केबल बाहेरच काढू नका. ती बॅटरी बदलायचीच आहे.

वायरचा हिशोब साधा आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो. घरात गिझरला वापरतात ती ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घेतली आणि जाऊन-येऊन लांबी पाच मीटर धरली, तर ३.३ व्होल्ट वायरच खाते. सेल्फपर्यंत जेमतेम नऊ व्होल्ट पोचतात. मग नुसतं टक-टक ऐकू येतं, वायर तापते आणि प्लास्टिक मऊ पडतं. १६ चौरस मिलीमीटरच्या वायरमध्ये हाच तोटा ०.८ व्होल्टवर येतो आणि गाडी उचलते. डिझेलला २५ची घ्यावी. बाजारात जाड दिसणाऱ्या पण आत तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल भरपूर मिळतात, त्यांचा विरोध तांब्याच्या जवळपास दीडपट असतो.

ट्रकचं तर नावच काढू नका. घाटात गाडी बंद पडली की मदतीला पहिला ट्रकवालाच थांबतो, मन मोठं असतं. पण मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ते कारला दिले तर इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांकडूनही, पुस्तकात स्पष्ट परवानगी नसेल तर, करंट घेऊ नये.

शेवटचा मुद्दा एका उदाहरणाने तपासू. छोट्या हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. हेडलाइट आणि टेललाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात, म्हणजे लाइट चालू राहिले तर तीन-चार तासांत ती रिकामी. सुरू झाल्यावर अल्टरनेटरने बॅटरीला २० अँपिअर दिले असं धरलं, तरी दहा मिनिटांत परत येतात तीन-साडेतीन अँपिअर-अवर, म्हणजे दहावा हिस्सा. एसी आणि लाइट लावले तर त्याहून कमी. संध्याकाळी सेल्फ पुन्हा रुसतो आणि दोष बॅटरीवर जातो. पूर्ण उतरलेली बॅटरी रात्रभर चार्जरवर लावावी लागते. नंतर काही तास गाडी बंद ठेवून मल्टिमीटरने पाहा: १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरली. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. चालू इंजिनवरही १२च्या आसपासच दिसत असतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, आणि गाडी सिग्नलला पुन्हा बंद पडेल. तेव्हा केबल गुंडाळून ठेवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला फोन करा.