खुलासा: जलप्रतिमेत 6 चा 9 होत नाही

“पाण्यातल्या प्रतिमेत आकडे उलटे होतात, क्रमही उलटतो आणि 6 चा 9 होतो, हे खरे का?” भरतीची तयारी करणाऱ्या सोलापुरातील मुलांमध्ये हा नियम फिरतो आहे.

हा नियम जलप्रतिमेचा नसून कागद अर्धा फेरा फिरवल्यावर दिसणाऱ्या आकृतीचा आहे. सिद्धेश्वर तलावात मंदिराचे शिखर खाली जाते, पण डावीकडचा भाग डावीकडेच राहतो. त्याचप्रमाणे जलप्रतिमेत प्रत्येक अक्षर वरखाली उलटते आणि क्रम मात्र कायम राहतो. आरसा बाजूला उभा असेल, तर डावे-उजवे उलटते आणि शेवटचे अक्षर पहिले येते. 6 ची जलप्रतिमा घेतल्यास गोल वर जातो, पण शेपटी उजवीकडेच राहते. 9 ची शेपटी डावीकडे असते.

आपल्या जिल्ह्याच्या वाहनक्रमांकातील MH13 घ्या. जलप्रतिमेत M हा W सारखा दिसतो, H आणि 3 जसेच्या तसे राहतात आणि 3 शेवटीच असतो. आरशात मात्र उलट तोंडाचा 3 सर्वप्रथम येतो, तर H आणि M बदलत नाहीत. म्हणून पर्यायात आधी पहिले स्थान पाहावे.

शंका उरल्यास पातळ कागदावर ठळक लिहून तो उजेडासमोर धरावा: पुस्तकाच्या पानासारखा उलटला की मागून आरशातील प्रतिमा दिसते, खालची कड वर घेऊन उलटला की जलप्रतिमा. प्रश्नात आरसा आकृतीच्या खाली आडवा दाखवला असेल, तर उत्तर जलप्रतिमेसारखेच येते. घाईत नेमके हेच नजरेतून सुटते.